बदाम सोलून खायचे की सालीसकट?

रात्री वाटीभर पाण्यात बदाम टाकायचे, सकाळी चिमटीत धरून दाबायचे, की गर टुणकन बाहेर येतो आणि साल हातात राहते. ती साल सिंकमध्ये जाते. का टाकायची, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: सालीत टॅनिन असतं, ते पोषण अंगाला लागू देत नाही. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, खरी ताकद तर सालीतच आहे. दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण वाद मिटवायचा तर सालीत काय आहे आणि गरात काय आहे, हे आधी वेगळं करायला हवं.

बदामाची ख्याती ज्या गोष्टींवर आहे त्या जवळजवळ सगळ्या गरात असतात. तेल, प्रथिनं, मॅग्नेशियम आणि तेलात विरघळलेलं ई जीवनसत्त्व. साल वजनाने बदामाच्या वीसाव्या हिश्शाच्या आसपास. त्या पातळ पापुद्र्यात निम्म्याच्या आसपास तंतू म्हणजे चोथा असतो, आणि उरलेल्यात पॉलिफेनॉल गटातली द्रव्यं. कॅटेचिन, एपिकॅटेचिन आणि त्यांच्या साखळ्या जुळून झालेली टॅनिनं ही त्यातली मुख्य. चहा कडक झाला की जीभ आखडते, तोच तुरटपणा बदामाच्या सालीत असतो. बदामातली बहुतेक पॉलिफेनॉलं या सालीतच असतात. सकाळी वाटीतलं पाणी चहासारखं तांबूस दिसतं, ते यातलीच काही द्रव्यं पाण्यात उतरल्यामुळे. त्यावरून बदामाला रंग लावलाय अशी शंका घ्यायचं कारण नाही.

आता हिशेब करू. दहा बदाम म्हणजे साधारण १२ ग्रॅम. त्यात चोथा दीड ग्रॅमच्या आसपास आणि ई जीवनसत्त्व सुमारे ३ मिलिग्रॅम. साल काढली तर अर्धा-पाऊण ग्रॅम वजन जातं, त्याबरोबर पाव ते अर्धा ग्रॅम चोथा. ई जीवनसत्त्व जवळजवळ तेवढंच राहतं. दिवसाला चोथा लागतो ३० ग्रॅमच्या घरात, त्यामुळे हा तोटा एका पेरूच्या फोडीने भरून निघेल. पॉलिफेनॉलं मात्र बरीचशी जातात. पण अर्धा ग्रॅम सालीतल्या पॉलिफेनॉलांनी तब्येतीत फरक पडतो, असं छातीठोकपणे सांगण्यासारखं काही हाती नाही.

मग टॅनिनच्या आरोपाचं काय? टॅनिन लोह शोषलं जाण्यात अडथळा आणतं, हे खरंच आहे. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, हे म्हणूनच सांगतात. पण दहा बदामांच्या सालीने पोषण अडतं म्हणणाऱ्याने आधी जेवणावरचा चहा सोडावा. खनिजांना खरं अडकवून ठेवणारं द्रव्य म्हणजे फायटेट, आणि ते मुख्यतः गरात असतं. साल सोलून ते जात नाही.

भिजवून जातं का? मूग-मटकी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं, म्हणून बदामालाही आपण तोच न्याय लावतो. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासात (२०२०) सुकामेवा अख्खा आणि कापून भिजवून पाहिला. फायटेट फारसं हललं नाही. उलट काही खनिजंच पाण्यात गेली, कापलेल्या दाण्यांतून जास्त. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या चाचणीत भिजवलेले बदाम पोटाला हलके पडतात असंही दिसलं नाही.

भिजवण्याचा उपयोग आहे तो दातांना. कोरडा बदाम नीट चावला गेला नाही, तर त्यातलं तेल पेशींच्या भिंतींआड कोंडून राहतं आणि बराचसा भाग न पचता बाहेर पडतो. आजोबांची कवळी असेल, तर भिजवलेला, सोललेला बदाम त्यांना सहज चावता येतो आणि म्हणून जास्त अंगी लागतो. त्यात सालीपेक्षा मऊपणाचा हात मोठा. लहान मुलांना भिजवूनही अख्खा देऊ नये, घशात अडकतो. बारीक कुटून किंवा वाटून द्यावा. खीर, हलवा, कोजागरीचं मसाला दूध यांत मात्र सोलावंच, नाहीतर रंग मळकट होतो आणि साल दाताखाली येते.

घरी दात धड असलेल्यांनी सालीसकट, चावून चावून खावेत, असं माझं मत. सालीने पोट गच्च होत असेल तर खुशाल सोलावेत. भिजवायचे तर उन्हाळ्यात वाटी फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर राहिलेल्या पाण्याला वास येतो, बदाम बुळबुळीत होतात, आणि असे बदाम धुऊनही खाऊ नयेत.

आणि एक गल्लत टाळायला हवी. सालीचा तुरटपणा वेगळा आणि कडू बदाम वेगळा. गुरबंदीसारख्या बारीक बदामांत अधूनमधून एखादा जहाल कडू निघतो. तो कडवटपणा गरातल्या अमिग्डॅलिनचा असतो आणि चावल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं. सोलून किंवा रात्रभर भिजवून त्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तसा दाणा तोंडात आला की लगेच थुंकून टाकावा.