पंजा भाजतो दुपारी, दिसतो परवा

मे महिन्यात अकोल्यात भर दुपारी गच्चीवर कोणी जात नाही. मांजराला मात्र हे कोणी सांगत नाही. टाकी भरली का बघून कोणीतरी (बहुतेक मीच) गच्चीचं दार लावून घेतलं आणि आमची भुरी साडेअकरा ते चार वरच राहिली. दार उघडलं तेव्हा ती टाकीखालच्या सावलीत होती. धावत दारापाशी आली, खाली येऊन पाणी प्यायली आणि पंजे चाटत बसली. गाद्या जरा लालसर दिसत होत्या, एवढंच. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मागचा पाय टेकवेना. पाहिलं तर तळव्याची मधली मोठी गादी कडेने सुटून लोंबत होती.

हा उशीर भाजण्यातच आहे. गादीचा वरचा थर मेलेल्या, टणक पेशींचा असतो, आपल्या टाचेसारखा. त्याच्या खाली जिवंत त्वचा आणि त्याखाली चरबीची उशी. उष्णता वरच्या थरातून आत पोचते आणि खालच्या जिवंत पेशी मारते. वरचं कवच तसंच राहतं, म्हणून पहिल्या दिवशी पंजा जवळपास ठीक दिसतो. पुढच्या एक ते तीन दिवसांत आत द्रव साचतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, जखम आणखी खोल जाते आणि मग कवच सुटतं.

मांजर मग पळून का गेलं नाही? आपल्याला साधारण 44 अंशांना चटका जाणवतो. मांजर मात्र कातडी 50 ते 52 अंशांपर्यंत तापेतो फारशी कुरकुर करत नाही. माणसाच्या त्वचेला 50 अंशांवर इजा व्हायला काही मिनिटं लागतात, 60 अंशांवर काही सेकंद. गादीची कातडी जाड, त्यामुळे हे आकडे मांजराला तंतोतंत लागू नाहीत. पण धोक्याची घंटा तिला उशिरा ऐकू येते हे खरं. चूलीजवळ बसून केस करपवून घेणारी मांजरं तुम्ही पाहिली असतीलच.

दुसऱ्या दिवशी लांबून तापमान मोजणारी बंदूक घेऊन मी वर गेलो. तीन वाजता स्लॅब 58 अंश, टाकीखाली 42. संध्याकाळी साडेसहाला हवा बरी झाली होती, तरी स्लॅब 45 वर होता, कारण काँक्रीट दिवसभर उष्णता साठवून ठेवतं आणि सावकाश सोडतं. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. चकचकीत पत्र्यावर मात्र ही बंदूक विसंबण्यासारखी नाही. तो असतो त्यापेक्षा थंड दाखवते. त्यापेक्षा हाताची मागची बाजू टेकवा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर मांजरालाही तिथे सोडू नका.

त्या दिवशी चार वाजता करायला हवं होतं ते मी केलं नाही. पंजे साध्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचे. भाजल्यापासून तीन तासांच्या आत हे केलं तर उपयोग होतो. गच्चीच्या टाकीचं पाणी मेमध्ये चांगलंच तापलेलं असतं, तेव्हा माठातलं घ्या. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक तर मुळीच नको, कारण पंजावर जे लावाल ते मांजर चाटणारच. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका. ते पचवायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजरात अगदी तोकडी असते आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

पशुवैद्यांनी सुटलेली कातडी कापली, सलाइनने जखम धुतली, बोटांच्या बेचक्यात कापूस घालून पट्टी बांधली आणि गळ्यात फनेल घातलं. मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवली. रोज ती बघायची: नखं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पट्टी घट्ट झाली, लगेच सोडायची. शीच्या ट्रेमधली माती काढून फाडलेलं वर्तमानपत्र घातलं, नाहीतर माती जखमेत चिकटते. तीन आठवड्यांत नवी गादी आली, गुलाबी आणि पातळ. ती पूर्ववत जाड व्हायला आणखी वेळ लागतो.

शेजारच्या काकू ‘आमच्या बोक्याचेही पंजे तडकले हो’ म्हणत त्याला दाखवायला घेऊन आल्या. त्याच्या गाद्या जांभळट, फुगलेल्या आणि दाबल्यावर मऊ लागत होत्या. वर पांढऱ्या बारीक रेघा. तो घराबाहेर पडतच नाही. हे भाजणं नव्हे. गादीत रोगप्रतिकारक पेशी साचल्याने होणारा हा वेगळा आजार आहे. त्याला मलम पुरत नाही, पशुवैद्य आठवडेच्या आठवडे पोटातून औषध देतात. उन्हानंतर एकदम झालेलं, बहुधा एकाहून जास्त पायांवरचं, दुखणारं असेल तर भाजणं समजावं. उन्हाशी संबंध नसताना हळूहळू फुगत गेलेल्या गाद्या लवकर दाखवाव्यात.

गच्चीला आता पांढरा चुना मारलाय. दार लावण्याआधी मी टाकीखाली वाकून बघतो.