रॅन्समवेअर: दोन प्रकारची कुलपं आणि ऑफलाइन बॅकअप

रॅन्समवेअर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये घुसून तिथल्या फायली कुलूपबंद करणारा आणि किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम. फायली कुठे जात नाहीत, डिस्कवर जिथल्या तिथे असतात, फोल्डर दिसतं, नावं दिसतात, फक्त आतला मजकूर उघडत नाही. हे कुलूप दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या एन्क्रिप्शनचं मिळून बनलेलं असतं आणि ते का तसं असतं हे कळलं की पैसे देऊन सुटका होण्याची खात्री का नाही आणि सुटी काढून ठेवलेली डिस्क का वाचवते, हे दोन्ही आपोआप कळतं.

पहिली पद्धत सिमेट्रिक, म्हणजे लावायला आणि उघडायला एकच किल्ली. एईएस हे त्यातलं सगळ्यात वापरातलं. ते प्रचंड वेगवान आहे, आजचा साधा प्रोसेसरसुद्धा सेकंदाला शेकडो एमबी सहज लॉक करतो, त्यामुळे बहुतेक वेळा डिस्कचा वेगच कमी पडतो. दुसरी पद्धत पब्लिक की, म्हणजे जोडीतल्या दोन किल्ल्या: पब्लिक कीनं कुलूप लागतं पण त्याच कीनं उघडत नाही, उघडायला तिची जोडीदार प्रायव्हेट कीच लागते. आरएसए हे त्यातलं जुनं नाव. आरएसए फार हळू आहे, आणि 2048 बिटची की असेल तर नेहमीच्या पद्धतीनं एका वेळी जेमतेम 245 बाइट त्यात बसतात, म्हणजे मराठीतली एखाद-दोन वाक्यं. अख्खी हार्ड डिस्क आरएसएनं लॉक करायला कोणी बसत नाही.

आता नुसतं एईएस वापरलं तर काय होतं? त्याचं उत्तर 1989 च्या एड्स ट्रोजनमध्ये आहे. जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञानं पोस्टानं फ्लॉपी पाठवल्या होत्या, त्यातला प्रोग्रॅम फायलींची नावं गुंतवून टाकायचा आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर 189 डॉलर पाठवायला सांगायचा. पण कुलूप सिमेट्रिक होतं, म्हणजे उघडायला जे लागतं ते सगळं त्या प्रोग्रॅमच्या पोटातच होतं, ते शोधून लोकांनी सोडवणारी टूल्स बनवली. मग 1996 मध्ये ॲडम यंग आणि मोटी युंग या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की हल्लेखोरानं प्रोग्रॅमसोबत फक्त पब्लिक की पाठवली तर प्रोग्रॅम कितीही उकलून बघितला तरी उघडणारी किल्ली त्यात सापडणारच नाही. तो इशारा होता. पुढे तीच रचना गुन्हेगारांनी उचलली.

वॉनाक्रायमधली किल्ल्यांची उतरंड

12 मे 2017 ला पसरलेला वॉनाक्राय हे उदाहरण घेऊ, कारण त्याचा कोड खूप लोकांनी उकललाय आणि त्यात ही रचना स्वच्छ दिसते. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो घुसला त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच काढला होता, ज्यांनी लावला नव्हता ते सापडले, ब्रिटनमधली कितीतरी हॉस्पिटलं त्यात होती.

मशीनवर आल्यावर तो प्रत्येक फाइलसाठी नवी 128 बिटची, म्हणजे 16 बाइटची एईएस की तयार करतो. तिच्यानं फाइल लॉक होते. मग ही 16 बाइटची छोटी की आरएसएच्या पब्लिक कीनं लॉक करून त्याच फाइलच्या सुरुवातीला चिकटवली जाते आणि मूळ एईएस की फेकून दिली जाते. जड काम वेगवान कुलूप करतं, हळू कुलूप फक्त किल्ली सांभाळतं. लॉक झालेल्या फाइलचं डोकं साधारण असं दिसतं:

```
WANACRY!          8 बाइट, ओळखीची खूण
256               4 बाइट, पुढच्या भागाची लांबी
लॉक केलेली की     256 बाइट
प्रकार, मूळ साइझ  4 + 8 बाइट
फाइलचा मजकूर      एईएसनं लॉक केलेला
```

म्हणजे प्रत्येक फाइलची किल्ली तुमच्याच डिस्कवर, त्याच फाइलमध्ये असते. फक्त ती पेटी दुसऱ्याच किल्लीनं बंद आहे.

ती दुसरी किल्ली कुणाची? इथे अजून एक पायरी आहे आणि ती फार विचारपूर्वक केलेली आहे. जगभरच्या सगळ्या मशीनना एकच आरएसए जोडी वापरली असती तर एका माणसानं पैसे भरून प्रायव्हेट की मिळवली की बाकी सगळे फुकट सुटले असते. म्हणून वॉनाक्राय प्रत्येक मशीनवर तिथल्या तिथे नवी आरएसए जोडी बनवतो. तिची पब्लिक की 00000000.pky या फाइलमध्ये राहते, आणि प्रायव्हेट की हल्लेखोरांच्या मुख्य पब्लिक कीनं लॉक होऊन 00000000.eky मध्ये जाते. मुख्य प्रायव्हेट की हल्लेखोरांकडेच, ती कधी कुठल्या मशीनवर येतच नाही. सोडवायचं तर .eky त्यांच्याकडे जायला हवी, त्यांनी ती उघडून त्या एका मशीनची की परत द्यायला हवी, आणि ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नसते. शिवाय लॉक करताना यातल्या कशालाच इंटरनेट लागत नाही, त्यामुळे लॉकिंग चालू असताना नेटची केबल काढली तर शेजारची मशीन वाचतात पण या मशीनवरचं काम थांबत नाही.

गणित मोडून हे सुटत नाही. सुटलं तर चुकीमुळे सुटतं. वॉनाक्रायच्या बाबतीत अशी एक चूक सापडली होती: आरएसए जोडी ज्या दोन मूळ संख्यांपासून बनते त्या विंडोज एक्सपी आणि सेव्हनच्या मेमरीत कधीकधी पडून राहायच्या. एड्रियां ग्विने आणि बेंजामिन डेल्पी या फ्रेंच तज्ज्ञांनी त्या मेमरीतून उचलून प्रायव्हेट की परत जुळवणारी वॉनाकी आणि वॉनाकीवी ही टूल्स काही दिवसांत काढली. अट एकच, मशीन रीस्टार्ट झालेलं नसावं आणि मेमरीची ती जागा दुसऱ्या कशानं भरलेली नसावी. आणि घाबरल्यावर आपण सगळे पहिलं काय करतो तर मशीन बंद करून चालू करतो! म्हणून असं काही दिसलं तर आधी केबल आणि वायफाय तोडायचं, रीस्टार्ट करायचं नाही, लॉक झालेल्या फायली पुसायच्या नाहीत, आणि nomoreransom.org वर त्या जातीसाठी टूल आहे का बघायचं. युरोपोल आणि डच पोलिसांनी कंपन्यांसोबत 2016 मध्ये सुरू केलेली ही साइट फुकट आहे.

पैसे दिल्यावर काय हातात येतं

वॉनाक्रायनं 300 डॉलर मागितले होते, तीन दिवसांनी 600. पण अख्ख्या जगासाठी बिटकॉइनचे पत्ते फक्त तीन होते, त्यामुळे जमा झालेले पैसे कुठल्या मशीनचे हे ओळखायचा धड मार्गच नव्हता. त्याच वर्षी 27 जूनला आलेल्या नॉटपेट्यात तर अजून वाईट, स्क्रीनवर दिसणारा जो नंबर हल्लेखोरांना कळवायचा होता तो निव्वळ रँडम होता, किल्लीशी त्याचा संबंधच नव्हता. पैसे घेणाऱ्यालासुद्धा ते उघडता आलं नसतं, आणि स्क्रीनवर हे कळायला काहीच वाव नव्हता.

बरं, किल्ली खरीच मिळाली तर? मे 2021 मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइननं 75 बिटकॉइन, तेव्हाचे साधारण 44 लाख डॉलर दिले, डिक्रिप्ट करणारं टूल मिळालंही, पण ते इतकं हळू होतं की कंपनी आपल्या बॅकअपवरूनच सिस्टिम उभी करत राहिली. अशी टूल्स हळू चालण्याचं एक कारण वरच्या रचनेतही असतं. एकेका फाइलचं डोकं वाचायचं, आरएसएनं की सोडवायची, मग मजकूर, आणि लॉक होताना एखादा डेटाबेस उघडा असेल तर तो अर्धवट लिहिलेला राहतो, तो योग्य किल्लीनंही सरळ होत नाही. आणि एवढं होऊनही मशीन घाण झालेलंच असतं, ते नव्यानं उभं करावंच लागतं. म्हणजे बॅकअपवाल्याला जे काम करावं लागतं ते पैसे देणाऱ्यालाही चुकत नाही.

ऑफलाइन म्हणजे नक्की काय

नॉटपेट्यानं मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी बसवली आणि त्याचा फटका आपल्याकडे न्हावा शेव्याच्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनललाही बसला. मर्स्कमध्ये कोणाला कुठे लॉगिन आहे हे सांभाळणारे डोमेन कंट्रोलर जगभर होते आणि सगळे एकमेकांची कॉपी ठेवायचे, तोच बॅकअप असं गृहीत होतं. ते सगळे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एकदमच गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती. त्याची डिस्क माणसांनी विमानानं हातोहात इंग्लंडला नेली आणि त्यावरून कंपनीनं पुन्हा उभारणी केली, अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्यानं बसवले. कॉपी शंभरच्या वर होत्या, कामी आली ती जोडलेली नसलेली एक.

तेव्हा ऑफलाइनची कसोटी अशी: लॉगिन असलेल्या माणसाला जिथे लिहिता येतं तिथे रॅन्समवेअरलाही लिहिता येतं. पीसीला कायम लावलेली यूएसबी डिस्क, ऑफिसच्या नेटवर्कवरचा, Z: म्हणून दिसणारा सामायिक डिस्कचा डबा म्हणजे एनएएस, हे ऑफलाइन नाहीत. क्लाउडचा सिंक फोल्डर तर लॉक झालेली फाइल इमानदारीत वर पाठवतो, जुनी व्हर्जन ठेवायची सोय असेल तरच काही हाती लागतं. विंडोज त्याच डिस्कवर फायलींच्या जुन्या प्रती ठेवतं त्या शॅडो कॉपीवर विसंबू नये, कारण बहुतेक रॅन्समवेअर आधी त्याच पुसतं. लॉगमध्ये तुम्ही न चालवलेली `vssadmin delete shadows` दिसली तर ती धोक्याची घंटा समजायची.

समजा एक सीए ऑफिस आहे, टॅलीचा डेटा आणि क्लायंटची कागदपत्रं मिळून 40 जीबी. दोन डिस्क आलटून पालटून रोज संध्याकाळी लावायच्या, बॅकअप झाला की काढून कपाटात, आणि तिसरी दर शुक्रवारी भरून घरी न्यायची. जुनी कॉपी लगेच खोडायची नाही, कारण हल्लेखोर कधीकधी आत शिरून कित्येक दिवस गप्प बसतात आणि कालच्या कॉपीतही त्यांचा प्रोग्रॅम असू शकतो. रोज बदललेल्या फायली 300 एमबीच्या आसपास भरत असतील आणि एका संध्याकाळी तोच आकडा 35 जीबी दिसला तर थांबायचं, दुसरी डिस्क लावायचीच नाही. फाइल लॉक झाली की बॅकअपच्या लेखी ती पूर्ण बदललेली असते, शिवाय लॉक झालेला डेटा कॉम्प्रेस होत नाही, म्हणून बॅकअपचा फुगलेला आकडा खंडणीची नोट दिसायच्या आधीच सांगून जातो.

सगळ्यात महाग पडणारी चूक रिस्टोर करताना होते: घाईघाईत चांगली डिस्क त्याच बाधित मशीनला लावणे. रिस्टोर नेहमी कोऱ्या बसवलेल्या मशीनवर, आणि आधी त्या डिस्कची अजून एक कॉपी करून. दर तिमाहीला एकदा दुसऱ्या मशीनवर टॅलीची कंपनी खरंच उघडून, मागच्या महिन्याचं एखादं व्हाउचर दिसतंय का ते बघायचं, कारण बॅकअप "सक्सेसफुल" असं लिहून येणं आणि कंपनी उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॅकअप एका बाबतीत उपयोगी पडत नाही. आता बऱ्याच टोळ्या लॉक करायच्या आधी डेटा चोरतात आणि तो उघड करायची धमकी देतात. चोरलेला डेटा कुठलीच डिस्क परत आणत नाही, तिथे कोणाची माहिती गेली ते त्यांना कळवणं आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांच्या आत रिपोर्ट करणं हेच हातात असतं. पण पैसेही तो परत आणत नाहीत: फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीनं लॉकबिट टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले तेव्हा ज्यांनी खंडणी भरली होती त्यातल्या काहींचाही डेटा तिथे तसाच सापडला.