आरसी किटसोबत वाचायचं माहितीपत्रक: दुसरा रेझिस्टर आला की टाइम कॉन्स्टंट कसा बदलतो

एक रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि τ = RC हे बहुतेकांना येतं. विद्यापीठाच्या पेपरात गुण जातात ते कपॅसिटरला समांतर दुसरा रेझिस्टर जोडलेल्या गणितात. म्हणून या किटमध्ये आम्ही १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर दिले आहेत.

आधी कागदावरचं गणित पाहू. १२ व्होल्टच्या सोर्सला स्विचमधून ६ किलोओहमचा R1 जोडलेला आहे, त्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा रिकामा कपॅसिटर आणि त्याला समांतर ३ किलोओहमचा R2. स्विच बंद केल्यावर, म्हणजे सोर्स सर्किटला जोडल्यावर, कपॅसिटरचं व्होल्टेज काढा. घाईत अनेक जण ६ किलोओहम गुणिले १०० मायक्रोफॅरड, म्हणजे ०.६ सेकंद लिहून कर्व्ह १२ व्होल्टपर्यंत नेतात. दोन्ही चूक. कपॅसिटर बाजूला काढा आणि त्याच्या दोन टोकांतून सर्किटकडे पाहा. सोर्स शॉर्ट केला की R1 आणि R2 समांतर दिसतात, म्हणजे २ किलोओहम. त्या टोकांवरचं उघडं व्होल्टेज १२ × ३/९, म्हणजे ४ व्होल्ट. हेच थेवेनिन. टाइम कॉन्स्टंट ०.२ सेकंद आला. आता एकच सूत्र पुरतं:

v(t) = V∞ + (V0 − V∞) e^(−t/τ)

इथे V0 शून्य आणि V∞ ४ व्होल्ट. ३ व्होल्ट व्हायला लागणारा वेळ ०.२ × ln 4, म्हणजे ०.२७७ सेकंद. उत्तर तपासायचं असेल तर पहिल्या क्षणाचा करंट काढा. रिकामा कपॅसिटर त्या क्षणी शॉर्टसारखा वागतो, R2 मधून काहीच जात नाही, म्हणून १२ भागिले ६ किलोओहम, २ मिलिअँपिअर. थेवेनिनकडून ४ भागिले २ किलोओहम, तेही २ मिलिअँपिअरच. हे जुळलं नाही तर थेवेनिनमध्येच कुठेतरी चुकलं आहे.

पुढचा उपप्रश्न बहुधा डिस्चार्जचा असतो, आणि तिथे प्रश्नातले शब्द नीट वाचावे लागतात. स्विच उघडला तर R1 चा मार्ग तुटतो, कपॅसिटर फक्त R2 मधून रिकामा होतो, टाइम कॉन्स्टंट ०.३ सेकंद. पण टू-वे स्विचने सोर्स काढून R1 चं ते टोक ग्राउंडला लावलं, तर दोन्ही रेझिस्टर पुन्हा समांतर येतात आणि ०.२ सेकंदच राहतो. एकाच सर्किटचा चार्जिंगचा आणि डिस्चार्जिंगचा टाइम कॉन्स्टंट वेगळा असू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता किटवर करून पाहा. ९ व्होल्टची बॅटरी, दोन्ही रेझिस्टर १०० किलोओहमचे, कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा. त्याची ऋण बाजू पट्टीने दाखवलेली असते, ती बॅटरीच्या ऋण टोकाकडेच हवी. सुरुवातीला कपॅसिटर छोट्या रेझिस्टरमधून पूर्ण रिकामा करून घ्या, नाहीतर V0 शून्य राहत नाही आणि कर्व्ह वरूनच सुरू होतो. शेवटचं व्होल्टेज ४.५, टाइम कॉन्स्टंट ११ सेकंद. घड्याळ लावून २.८४ व्होल्ट, म्हणजे ६३.२ टक्के, कधी होतात ते पाहा. मग व्होल्टेज ४.५ वर स्थिरावू द्या आणि बॅटरीची तार काढा. आता टाइम कॉन्स्टंट २२ सेकंद झाला आहे, म्हणजे १.६६ व्होल्टपर्यंत उतरायला तेवढा वेळ लागेल. मोजमाप ११ ऐवजी साडेबारा सेकंद आलं तर काळजी नको, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या मूल्यात २० टक्क्यांपर्यंत फरक सामान्य आहे. मात्र दुसरं मोजमाप पहिल्याच्या दुपटीच्या आसपास यायला हवं, कारण कपॅसिटर तोच आहे.

ग्राहक आम्हाला एक तक्रार वारंवार सांगतात: R2 काढून R1 च्या जागी १ मेगाओहम लावला, तर कपॅसिटर ९ व्होल्टपर्यंत जातच नाही. कपॅसिटर खराब असेलच असं नाही. मल्टिमीटर स्वतःच इथे R2 झालेला असतो. बऱ्याच डिजिटल मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, तेव्हा शेवटचं व्होल्टेज ९ × १०/११, म्हणजे ८.१८ एवढंच येतं. काही स्वस्त मीटर १ मेगाओहमचे असतात, त्यांवर ते ४.५ व्होल्टवर थांबतं. शिवाय इलेक्ट्रोलिटिकमध्ये थोडा लीकेज करंट असतो. १० मेगाओहमच्या मीटरसोबत तो फक्त एक मायक्रोअँपिअर असला तरी आणखी सुमारे ०.९ व्होल्ट कमी दिसतील. १०० किलोओहमच्या रेझिस्टरवर याच गोष्टींचा परिणाम जवळपास दहा पट कमी होतो, म्हणून प्रयोगवहीतल्या आकड्यांसाठी तेच वापरा.

आलेख काढताना मूळ बिंदूपाशी स्पर्शिका ओढा. ती शेवटच्या व्होल्टेजची आडवी रेषा बरोबर t = τ ला छेदते. किटवरचा टाइम कॉन्स्टंट तपासायची ही दुसरी वाट, पण हाताने ओढलेल्या स्पर्शिकेत चूक लवकर होते, म्हणून ६३.२ टक्क्यांचं मोजमाप जास्त भरवशाचं.