नोकरीच्या जाहिरातीतील संक्षेप

नोकरीच्या जाहिरातीत पगार, काम आणि कामाची जागा थोडक्यात सांगण्यासाठी वापरली जाणारी इंग्रजी आद्याक्षरे. नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांच्या जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमधून फिरतात, तेव्हा सबंध मजकूर एवढाच असू शकतो: ‘क्वालिटी इंजिनीअर, अंबड, अनुभव 2 वर्षे, सीटीसी 3.6 एलपीए, जेडी सोबत.’ एलपीए म्हणजे वर्षाला लाख. बाकीच्या संक्षेपांत सीटीसी, जेडी आणि केआरए हे तीन एकमेकांत गुंतलेले आहेत. डब्ल्यूएफएचचा प्रश्न वेगळा आहे.

सीटीसी म्हणजे कॉस्ट टू कंपनी: एका माणसावर कंपनी वर्षभरात करणार असलेला एकूण खर्च. हा पगार नव्हे. तरीही ‘पॅकेज किती?’ या प्रश्नाला घरीदारी हाच आकडा सांगितला जातो आणि त्याला 12 ने भागून महिन्याचा हिशेब मांडला जातो. वरच्या जाहिरातीत असा भागाकार केला की 30,000 रुपये येतात. ऑफर लेटरला जोडलेल्या पगाराच्या तक्त्यात (याला बोलीत ब्रेकअप म्हणतात) चित्र साधारण असे असते.

मूळ वेतन म्हणजे बेसिक 15,000, घरभाडे भत्ता 6,000 आणि विशेष भत्ता 2,979. ही महिन्याची ठरलेली रक्कम 23,979 झाली. पे-स्लिपवर ती ग्रॉस म्हणून दिसते. त्याखाली कंपनीचा पीएफचा हिस्सा महिना 1,800, ग्रॅच्युइटी वर्षाला 8,654, आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाला 6,000 आणि शेवटी व्हेरिएबल पे वर्षाला 36,000. सगळे वर्षाच्या हिशेबाने जोडले की दोन रुपयांच्या फरकाने 3,60,000 होतात. तक्ता खोटा नसतो, पण खालच्या चारही ओळींतला एकही रुपया महिन्याच्या पगारात येत नाही. शिवाय ग्रॉसमधून कर्मचाऱ्याचा स्वतःचा पीएफचा हिस्सा 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. बँकेत जमा होतात 21,979 रुपये. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असल्याने आणखी 100 कमी. महाराष्ट्रात महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही, त्यामुळे याच जागेवर मुलगी लागली तर तिच्या हातात 22,179 पडतात. कंपनीच्या बसचे किंवा कँटीनचे पैसे कापले जात असतील तर ते यातूनच जातात. सिडकोत खोली घेऊन राहायचे की गावाहून ये-जा करायची, हे 30,000 धरून नव्हे, 22,000 धरून ठरवावे लागते.

या खालच्या ओळी सारख्या नाहीत, आणि अर्जदाराने खरे लक्ष इथे द्यावे. पीएफचा कंपनीचा हिस्सा हा आपलाच पैसा असतो, फक्त आज मिळत नाही. त्यातही 1,800 पैकी 1,250 निवृत्तिवेतन योजनेकडे वळते होतात आणि पीएफ खात्यात 550 च जमा होतात. पासबुक पहिल्यांदा उघडणाऱ्याला ‘कंपनीने पैसे खाल्ले’ असे वाटते ते यामुळे. तसे झालेले नसते. ग्रॅच्युइटीचे गणित या तक्त्यात बेसिकला 26 ने भागून 15 ने गुणण्याचे आहे. ती रक्कम दर पूर्ण वर्षामागे मिळते. मात्र कायम नोकरीत ती साधारणपणे सलग 5 वर्षे भरल्यावरच देय होते. तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीत ती तिन्ही वर्षे मोजली जाते आणि हातात शून्य येते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीसाठी सामाजिक सुरक्षा संहितेने ही अट एका वर्षावर आणली आहे. संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. म्हणून नेमणूक कायम आहे, ठरावीक मुदतीची आहे की ठेकेदारामार्फत आहे, हे पत्रात वाचून घ्यावे.

सर्वांत अनिश्चित ओळ व्हेरिएबलची, आणि ती केआरएला बांधलेली असते. केआरए म्हणजे की रिझल्ट एरिया: वर्षअखेरीस ज्या निकालांवर काम मोजले जाईल ती ठरलेली क्षेत्रे. जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, काय करायचे ते सांगते. केआरए त्यातून काय निघाले पाहिजे ते सांगते. क्वालिटी इंजिनीअरच्या जेडीत ‘येणाऱ्या मालाची तपासणी, ग्राहकांच्या तक्रारींची हाताळणी, ऑडिटची तयारी’ असे लिहिलेले असते. केआरएत तेच ‘ग्राहकाकडून तक्रारी वर्षाला इतक्यांपेक्षा कमी, लाइनवरचे रिजेक्शन इतक्या टक्क्यांच्या आत’ असे होते, आणि प्रत्येकाला वजन दिलेले असते. गुण 70 टक्के पडले तर 36,000 चे 25,200 होतात. काही कंपन्या त्याला कंपनीच्या निकालाने पुन्हा गुणतात. कंपनीचे 80 टक्के धरले तर 20,160 च उरतात.

जेडी आणि केआरए यांचा सांधा निखळला की नुकसान ठरलेलेच. रिजेक्शनचा केआरए आपल्या नावावर आहे, पण खराब लॉट थांबवण्याचा अधिकार जेडीत कुठेच नाही, तो प्रॉडक्शनच्या साहेबांकडे आहे. अशा वेळी दुसऱ्याच्या निर्णयाची किंमत आपल्या व्हेरिएबलमधून जाते. जेडीची शेवटची ओळ ‘वरिष्ठ सांगतील ती इतर कामे’ अशी असतेच आणि एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. पण तीनच ओळींची जेडी आणि त्यात हीच ओळ ठळक असेल, तर जागा अजून नीट ठरलेली नाही असे समजावे.

मुलाखतीत हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. ‘मॅडम, ब्रेकअप पाठवाल का? आणि या जागेवर गेल्या वर्षी व्हेरिएबल किती टक्के मिळालं?’ एवढे पुरते. एचआरने ‘ते जॉइन झाल्यावर सांगू’ म्हटले, तर व्हेरिएबल शून्य धरून हिशेब करावा आणि तरी परवडत असेल तरच होकार द्यावा. उत्तर मिळाले तर ते ईमेलवर घ्यावे. आधीच्या नोकरीतला पगार सांगतानाही सीटीसी की हातातला, हे स्पष्ट बोलावे. 22,000 हातात मिळणाऱ्याने ‘बावीस’ एवढेच सांगितले आणि समोरच्याने ते सीटीसी समजून त्यावर वाढ दिली, तर नवी नोकरी जुन्यापेक्षा कमी पगाराची ठरू शकते.

डब्ल्यूएफएच म्हणजे वर्क फ्रॉम होम, घरून काम. नाशिककरांना हा संक्षेप मोलाचा वाटतो, कारण पुण्या-मुंबईच्या कंपनीचे काम नाशिक रोडच्या घरात बसून करता येते. जाहिरातीतल्या या तीन शब्दांपेक्षा ऑफर लेटरमधली ‘बेस लोकेशन’ ही ओळ मोठी. तिथे ‘पुणे’ आणि पुढे ‘पुढील सूचनेपर्यंत घरून’ असे असेल, तर कंपनी कधीही बोलावू शकते आणि पुण्यातल्या भाड्याचा बोजा आपल्यावर येतो. हायब्रिड लिहिले असेल तर आठवड्यातले किती दिवस आणि ते दिवस कोण ठरवणार, हे विचारावे. आणि घरबसल्या डेटा एंट्रीसाठी आधी नोंदणीचे किंवा लॅपटॉपच्या अनामतीचे पैसे मागणारी जाहिरात ही नोकरीच नव्हे; तिथे पैसेही भरू नयेत आणि आधार-पॅनचे फोटोही पाठवू नयेत.