‘दाखला घेऊन जा’पासून निलंबनाच्या पत्रापर्यंत

पुण्यातल्या एका शाळेने सातवीतल्या मुलाच्या पालकांना दिलेलं पत्र माझ्यासमोर आहे. दीड पानाचं, जावक क्रमांकासह. वर्गातल्या एका मुलाला सतत छळल्याचं चौकशीत सिद्ध झालं, म्हणून तीन शालेय दिवसांचं निलंबन. असं पत्र आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी नोकरीच्या सुरुवातीला पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा ते लिहिलंच जात नसे.

तेव्हाची रीत वेगळी होती. पालकांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून ‘दाखला घेऊन जा’ असं सांगत. अर्ज पालकच लिहीत: ‘घरगुती अडचणीमुळे पाल्याचे नाव कमी करावे.’ शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. दुसऱ्या शाळेत प्रवेश अडू नये म्हणून तिथे ‘चांगली’ असं भरलं जाई. हेतू दयेचाच होता, पण घडलेलं कुठल्याच कागदावर उरत नसे. ज्याला त्रास झाला त्याच्या घरी चिठ्ठीही जात नसे, आणि त्रास देणारा तीच सवय घेऊन पुढच्या शाळेत जाई.

ही वाट बंद झाली 1 एप्रिल 2010 ला, शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा. त्याच्या कलम 16 नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 ची दुरुस्ती नापास करण्यापुरती होती. काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. त्या कलमात निलंबनाचा उल्लेख नाही. त्यामुळे थोड्या दिवसांचं निलंबन हा मधला मार्ग शाळांकडे उरला. म्हणून या पत्रातलं पहिलंच वाक्य कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते सांगतं आणि मुलाचं नाव पटावर कायम असल्याचं स्पष्ट करतं. ‘पुढील सूचनेपर्यंत शाळेत पाठवू नये’ असं लिहिलेली पत्रंही मी पाहिली आहेत. माझ्या मते ते काढून टाकणंच आहे, फक्त नाव वेगळं.

कारणांचा परिच्छेद कुठून आला, तेही पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आणि सकृद्दर्शनी तथ्य आढळलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, असं तो सांगतो. डोळ्यासमोर प्रामुख्याने कॉलेजं आणि वसतिगृहं होती. शाळकरी मुलांसाठी मार्च 2015 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना सूचना दिल्या: समिती नेमा, समुपदेशक ठेवा, आधी ताकीद, मग निलंबन. स्टेट बोर्डाच्या शाळांवर त्या बंधनकारक नाहीत, तरी अशी चढती पायरी कुणालाही वापरता येते.

पण छळ म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय कारण लिहिता येत नाही. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेअस यांनी तिथे 1983 च्या देशव्यापी मोहिमेसाठी शाळांमधला उपक्रम उभा केला. त्यांच्या व्याख्येत तीन खुणा आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा झालेलं, आणि समोरच्याला स्वतःचा बचाव करता येऊ नये इतकी ताकदीची तफावत. या पत्रात तिन्ही खुणा दिसतात. ‘सहा आठवड्यांत चार वेळा स्कूल व्हॅनमध्ये डबा काढून घेतला, अडखळत बोलण्याची नक्कल करून इतर तिघांना हसायला लावले.’ पुढे आधार दिला आहे: दोन मुलांचे वेगवेगळे घेतलेले जबाब, व्हॅनवाल्या काकांचं म्हणणं, आणि आईच्या समोर त्या मुलाने स्वतः सांगितलेली बाजू. ‘उद्धट वर्तन’, ‘शिस्तभंग’ असे मोघम शब्द कुठेच नाहीत. मोघम पत्राला पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘नक्की केलं काय त्याने?’, आणि तिथेच शाळा गडबडते. त्रास झालेल्या मुलाचं नाव मात्र पत्रात नाही. ‘वर्गातील एक विद्यार्थी’ एवढंच आहे.

मदतीचा भाग सगळ्यात नवा. पूर्वी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करून माफी मागायला लावत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, तेव्हा तो प्रकार आता शाळेलाच अडचणीत आणेल. या पत्रात त्याऐवजी असं आहे: तीन दिवसांचा अभ्यास वर्गशिक्षिका घरी पाठवतील, बुडालेली घटक चाचणी नंतर घेतली जाईल, समुपदेशकांबरोबर आठवड्यातून एक अशा चार भेटी होतील, परत येण्याच्या दिवशी पालकांसह अर्धा तास बसायचं, आणि महिन्याने आढावा. निर्णय मान्य नसेल तर सात दिवसांत मुख्याध्यापकांना लेखी कळवायचं.

त्याच दिवशी दुसरं पत्र दुसऱ्या घरी गेलं. त्यात शिक्षेचा तपशील नाही. तुमच्या मुलाला काही झालं तर कोणत्या बाईंना सांगायचं ते आहे, आणि व्हॅनमधली त्याची खिडकीजवळची जागा बदलणार नाही हेही. मागची जागा सोडून काकांच्या शेजारच्या सीटवर बसायचं आहे ते निलंबित मुलाने.