फोटो उजळवणं वेगळं आणि दृश्य बदलणं वेगळं, 'सगळेच एडिट करतात' म्हणून दोन्ही एकात ढकलू नका

दर हिवाळ्यात कोकणातल्या फोटोंच्या खाली तोच वाद सुरू होतो. कोणीतरी रात्रीच्या समुद्राचा फोटो टाकतो, लाट निळी चमकतेय, वर आकाशगंगा उभी, आणि खाली एक जण 'फेक आहे' म्हणतो, दुसरा म्हणतो 'अरे सगळेच फोटो एडिटेड असतात, फोनसुद्धा स्वतःच एडिट करतो', मग तिसरा येऊन 'नो फिल्टर' लिहिलंय ना, संपलं, असं म्हणतो. तिघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत आणि कोणालाच ते कळत नाहीये.

क्रॉप, ब्राइटनेस, तिरकं क्षितिज सरळ करणं, लेन्सवरच्या धुळीचा ठिपका काढणं, हे तुम्हाला माहीतच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. हे उजळवणं. कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच आहे, फक्त नीट दिसतंय. दृश्य बदलणं म्हणजे समोर नसलेलं काहीतरी आणलं किंवा असलेलं काहीतरी घालवलं. इथपर्यंत सगळ्यांना पटतं. पण लोक मोजतात काय, तर स्लायडर किती ओढला ते. जास्त ओढला तर खोटं, थोडा ओढला तर खरं. हे साफ चुकीचं माप आहे.

वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीफोटोंच्या स्पर्धेचं 2010 सालचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. स्टेपान रुडिक नावाच्या फोटोग्राफरच्या कीव्हमधल्या स्ट्रीट फायटिंगच्या मालिकेला बक्षीस मिळालं होतं. त्यातल्या एका फोटोत बँडेज बांधलेला हात आहे, आणि मूळ फ्रेम बघितली तर तो हात एका मोठ्या रंगीत फोटोचा छोटासा तुकडा आहे, म्हणजे जबरदस्त क्रॉप, वर ब्लॅक अँड व्हाइट, कडा काळ्या केलेल्या, दाणेदार टेक्श्चर. ओळखता येणार नाही इतकं. त्यावर आयोजकांचा आक्षेप नव्हता. बक्षीस काढून घेतलं ते मागच्या माणसाच्या पायाचा एक बारीक तुकडा बोटांजवळून पुसला होता म्हणून. डोंगराएवढं उजळवणं चाललं, नखाएवढं पुसणं चाललं नाही. कारण प्रश्न किती केलं हा नव्हताच, समोर काय होतं हा होता.

आता आपल्या निळ्या लाटेकडे येऊ, कारण खरी गडबड इथे आहे.

ती लाट खरी असते. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाण्यात वाढला की पाणी हललं तिथे निळसर उजेड येतो, आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास दिसतो. पण अंधारात आपल्या डोळ्याला रंग नीट कळत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर उभं राहिलं की फिकट, राखाडीकडे झुकणारी चमक दिसते, लाट फुटली की क्षणभर, आणि गेली. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून समजा आयएसओ 3200 आणि 15 सेकंद शटर उघडं ठेवलं तर त्या 15 सेकंदांत एकामागून एक फुटलेल्या लाटांचा सगळा उजेड एकाच फ्रेममध्ये साठतो. वर व्हाइट बॅलन्स 3200 केल्विनला नेला की निळं अजून निळं. यात कोणी काही चिकटवलेलं नाही, एकच फ्रेम आहे, 'फेक' म्हणणारा इथे चुकतो. पण 'नो फिल्टर' म्हणणाराही मला तितकाच खटकतो, कारण फिल्टर नसला तरी हे दृश्य कोणाच्या डोळ्याने बघितलेलं नाही, आणि तो फोटो बघून पुण्याहून पोराबाळांना घेऊन रात्रभर गाडी चालवत आलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहून विचारतो, कुठेय? त्याचा काय दोष. इथे फोटो काढून टाकायची गरज नाही, एक ओळ पुरते: 'एकच फ्रेम, 15 सेकंदांचं एक्स्पोजर, डोळ्याला याहून बरंच फिकट दिसतं.'

आता वरची आकाशगंगा. आकाशगंगेचा जो जाड, उजळ, ढगाळ भाग फोटोत हवाहवासा वाटतो तो धनू राशीच्या दिशेला आहे. आणि आपल्याकडे धनुर्मास कधी असतो? डिसेंबरच्या मध्यापासून. म्हणजे सूर्य तेव्हा धनू राशीत, त्याच भागाजवळ असतो, दोघं जवळपास एकत्र उगवतात आणि एकत्र मावळतात. डिसेंबरच्या रात्री तो भाग आकाशात नसतोच, कुठल्याही कॅमेऱ्याला दिसणार नाही, कितीही सेकंद शटर उघडं ठेवा. आपल्या पश्चिमेकडच्या समुद्रावर तो बघायचा तर ऑक्टोबर गाठायला हवा, अंधार पडला की नैर्ऋत्येला उभा असतो आणि महिन्याच्या मध्यात रात्री दहाच्या आसपास मावळतो. फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे परत दिसायला लागतो, पण आग्नेयेला, म्हणजे समुद्रावर नाही, डोंगराच्या बाजूला. डिसेंबरात पहाटे समुद्रावर मावळतीला असतं ते मृग नक्षत्र.

म्हणजे 'देवगड, 20 डिसेंबर' लिहिलेल्या फोटोत निळ्या लाटेवर जाडजूड आकाशगंगा उभी असेल तर ते आभाळ दुसऱ्या महिन्यातलं आहे, बहुतेक दुसऱ्या जागचंही. यासाठी कुठलं ॲप लागत नाही, पंचांग पुरतं. आणखी एक जागा बघा, क्षितिजाची रेघ. खरं आभाळ असेल तर लांबच्या होड्यांच्या दिव्यांचा उजेड आभाळाच्या तळाला थोडा लागलेला असतो, तिथले तारे मंद असतात. चिकटवलेल्या आभाळात तारे पाण्याला टेकेपर्यंत लखलखीत, आणि रेघेवर एक बारीक उजळ पट्टी राहते, कापताना राहिलेली.

मग कोणी म्हणेल, लाट पण मी काढली, आकाशगंगा पण मीच काढली, दोन्ही खरे, मग खोटं काय? भाग खरे आहेत, रात्र खोटी आहे. अशी रात्र देवगडला झालीच नाही. हेच सगळ्यात जास्त चुकतं, लोकांना वाटतं आपले स्वतःचे फोटो जोडले तर ते कॉम्पोझिट नाही. आहे.

मधला एक प्रकार आहे त्यावर मात्र भांडायला मला आवडत नाही. ट्रायपॉड न हलवता संध्याकाळी उजेड असताना खडक टिपला आणि दोन तासांनी त्याच जागेवरून तारे टिपले, दोन्ही जोडले. दृश्य त्याच जागेचं, त्याच संध्याकाळचं, पण क्षण दोन. लँडस्केपवाले हे सर्रास करतात आणि करावं, फक्त लिहावं: 'दोन फ्रेम, एकाच जागेवरून, खडक सात वाजता, तारे नऊ वाजता.' बातमीसाठी मात्र हेही चालणार नाही.

आणि फक्त उजळवलं म्हणजे आपण सुटलो असंही नाही. जून 1994 मध्ये टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांनी खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या ओ. जे. सिम्प्सन या अमेरिकी खेळाडूचा पोलिसांनी काढलेला एकच फोटो मुखपृष्ठावर छापला, टाइमने तो बराच काळवंडवून. काही चिकटवलं नाही, काही पुसलं नाही, पण दोन्ही अंक शेजारी ठेवले की एकातला माणूस जास्त भयंकर वाटतो, आणि त्यावर केवढा गदारोळ झाला. बिनएडिटचा फोटोही फसवतो, निसर्ग वादळातला 2020 चा पडलेला माड 2021 च्या तौक्तेच्या दिवशी 'आत्ताचा' म्हणून फिरवला तर एक पिक्सेल न बदलता खोटं बोलून झालं. वर्तमानपत्रवाले अशा वेळी 'संग्रहित छायाचित्र' लिहितात, त्या दोन शब्दांचं मला फार कौतुक आहे. 'प्रातिनिधिक' या शब्दाचं अजिबात नाही, त्याखाली काहीही खपवतात.

आता होमस्टेवाल्यांसाठी, कारण पैसे इथे गुंततात. ओळखीचे एक काका म्हणाले, 'अरे तो लाइटीचा पोल तेवढा काढून टाक रे, आणि दोरीवरचा टॉवेल पण.' टॉवेल मी हाताने काढला आणि परत फोटो काढला, तो वाद तिथेच मिटला, आणि खरं तर ज्या गोष्टी हाताने हलवता येतात त्या कॉम्प्युटरवर पुसूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पोल राहू दिला. पाहुणा खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून पैसे भरणार, आणि आल्यावर मधोमध पोल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं, ते काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी जरा तोंड वाकडं केलं, पण मग म्हणाले की दुसऱ्या खिडकीतून काढ. तो बेस्ट उपाय होता, तिथून समुद्र खरंच दिसतो, फक्त कॅप्शनमध्ये कुठल्या खोलीची खिडकी ते लिहायला लावलं.

लेबल लिहायचं तर 'एडिटेड' एवढा शब्द निरुपयोगी आहे, त्यातून कोणाला काहीच कळत नाही. काय बदललं ते लिहा: 'कॉम्पोझिट, लाट डिसेंबरची, आभाळ ऑक्टोबरचं.' 'उजवीकडची वीजतार पुसली आहे.' आणि हे पहिल्या ओळीत, कारण कॅप्शन अर्ध्यात कापलं जातं आणि बाकीचं उघडून कोणी वाचत नाही. वीस हॅशटॅगांच्या खाली बारीक 'डिजिटल आर्ट' लिहिणाऱ्यांना मी लेबल लावलं असं मानत नाही, ते लपवलंय.

फाइलच्या आतही नोंद ठेवता येते. आयपीटीसी हे फोटोंसोबतच्या माहितीचं, म्हणजे मेटाडेटाचं, ठरलेलं मानक आहे, त्यात यासाठी वेगळा रकाना आहे, साध्या फोटोला `digitalCapture`, जोडलेल्याला `compositeCapture`. मेटाडेटा लिहायचं एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर असेल तर:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeCapture" photo.jpg
```

पण त्याच्या भरवशावर राहू नका. तो फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की फाइल दाबली जाते आणि ही नोंद गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते, आणि डॉक्युमेंट म्हणून कोण पाठवतंय. आपलं कॅप्शनही पुढच्या फॉरवर्डमध्ये गळून पडलेलं असतं. त्यामुळे जोडलेला फोटो असेल तर मी खालच्या कोपऱ्यात फोटोवरच 'दोन फोटो जोडून' असं लिहितो, वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. फोटो थोडा खराब दिसतो, हो. ज्याला स्वच्छ फ्रेम हवी त्याने एका रात्रीचा फोटो काढावा.