साध्या यंत्रांची टेबले: हेरॉनपासून होशंगाबादपर्यंत

सहावी-सातवीच्या वर्गात हल्ली एक मांडणी सर्रास दिसते. एका टेबलावर फूटपट्टीची तरफ, दुसऱ्यावर दोऱ्याच्या रिळाची कप्पी, तिसऱ्यावर पुठ्ठ्याची किंवा जुन्या फळीची उतरण. मुले गटागटाने एका टेबलावरून दुसऱ्याकडे सरकत जातात. सामान सगळे वर्गातले आणि घरातले: खडूचे खोके, संपलेल्या रिफिल, बाटल्यांची झाकणे, सुतळी. या मांडणीत दोन वेगवेगळे इतिहास एकत्र आले आहेत. एक साध्या यंत्रांच्या यादीचा, दुसरा टाकाऊ सामानातून विज्ञान शिकवण्याचा. दोन्हींची गाठ पडते ती घर्षणापाशी, आणि नेमके तेच वर्गात लपवले जाते.

यादी जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने जड वस्तू उचलण्याची पाच साधने सांगितली: चाक-आस, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र. त्याचा यंत्रांवरचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो मुख्यतः कुस्ता इब्न लुका याच्या अरबी भाषांतरातून. या पाचांत उतरण नाही. आपल्या पाठ्यपुस्तकात ती तरफ आणि कप्पीच्या शेजारी बसते, पण यादीत ती फार उशिरा आली. मातीचे उतार रचून दगड वर चढवण्याची कला त्याच्याही कितीतरी आधीची होती. अडचण हिशोबाची होती. तरफेचा नियम आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केला होता, उताराचा मात्र कोणालाच नीट जमत नव्हता.

चौथ्या शतकात पॅपस या ग्रीक गणितज्ञाने प्रयत्न केला आणि तो चुकला. त्याने सुरुवातच अशी धरली की सपाट जमिनीवर वजन सरकवायला एक ठरावीक बल लागते, मग उतारावर किती जास्त लागेल ते काढू. सपाट जमिनीवर बल लागते ते घर्षणामुळे. म्हणजे पॅपसने वजन आणि घर्षण यांची गल्लत केली, आणि उतार जवळजवळ उभा झाला की त्याचे उत्तर भलतेच मोठे येऊ लागते. ही चूक मला मोलाची वाटते, कारण खोके पुठ्ठ्यावरून ओढणारे मूल नेमके तिथेच उभे असते. सपाट टेबलावरही त्याला जोर लावावा लागतो. त्याच्या हाताला जे कळते ते पॅपसलाही कळले होते.

तेराव्या शतकात जॉर्डानस डी नेमोरे याच्या नावावर असलेल्या लिखाणात बरोबर उत्तर आले. पण सगळ्यांत देखणी मांडणी 1586 साली सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने केली. त्याने एका त्रिकोणी ठोकळ्यावर चौदा सारख्या गोळ्यांची माळ टाकलेली कल्पिली. ठोकळ्याची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. लांब बाजूवर चार गोळे, आखूड बाजूवर दोन, उरलेले आठ खाली झोळीसारखे लोंबतात. माळ एका बाजूला सरकली तर प्रत्येक गोळ्याची जागा पुढचा गोळा घेईल, चित्र पुन्हा तसेच दिसेल, आणि माळ कायमची फिरत राहील. हे अशक्य, म्हणून माळ स्थिर. खालचे आठ गोळे दोन्हीकडे सारखेच ओढतात, ते काढून टाकले तरी तोल बिघडत नाही. म्हणजे लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोन गोळ्यांना तोलतात. दुप्पट लांबी, तर अर्धे बल. स्टेव्हिनला स्वतःला हे इतके आवडले की त्याने ते चित्र ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापले. पुढे 1600 च्या सुमारास गॅलिलिओने सगळ्या साध्या यंत्रांना लागू पडणारी गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली: यंत्र निसर्गाला फसवत नाही, बलात जे वाचते ते अंतरात मोजावे लागते.

स्टेव्हिन आणि गॅलिलिओ या दोघांनीही घर्षण बाजूला ठेवले होते. त्यांना ते ठेवावेच लागले, नाहीतर नियम दिसला नसता. शाळेत मात्र तो नियम आला आणि घर्षण बाजूला ठेवल्याची आठवण मागे राहिली.

दुसरा इतिहास दुसऱ्या महायुद्धानंतरचा. युरोप आणि आशियातल्या असंख्य शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. युनेस्कोने 1948 साली अशा देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. ती लिहिली होती लंडनमधल्या एका शाळेत शिकवणाऱ्या जे. पी. स्टीफनसन यांनी. तिचीच वाढ होऊन 1956 मध्ये विज्ञान शिक्षणाचे जाडजूड ‘सोर्स बुक’ झाले आणि ते जगभर वापरले गेले. कपडे टांगायच्या तारेच्या हँगरमध्ये रिळ अडकवून कप्पी करण्याची युक्ती त्यात आहे. गरजेपोटी आलेली ही पद्धत पुढे अनेक देशांत शिकवण्याची रीतच बनली.

आपल्याकडे तिला खरे वळण मिळाले ते मध्य प्रदेशात. 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञानाचा कार्यक्रम सुरू केला. किशोर भारती उभारणारे अनिल सदगोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून गेले होते, आणि तिथले शास्त्रज्ञ या कामात मदतीला येत. मुले चार-चारच्या टोळीत बसून स्वतः प्रयोग करत, आकडे घेत, त्यावर वाद घालत. 1978 पासून कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात गेला, 1982 मध्ये तो पुढे नेण्यासाठी एकलव्य ही संस्था निघाली, आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकार जोडण्याची त्यांची प्रसिद्ध कल्पना तिथलीच. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची टाकाऊपासूनची खेळणी महाराष्ट्रभर पोहोचली.

होशंगाबादच्या पद्धतीत स्वस्त सामान ही सोय होती, गाभा नव्हता. गाभा होता मुलांनी मोजलेला आकडा खरा मानण्यात. आजच्या टेबलांवर सामान टिकले आहे, आकडा मात्र बऱ्याचदा पुस्तकातून येतो. असे का होते ते एकेका टेबलाशी उभे राहिले की कळते.

तरफेच्या टेबलावर बहुतेक ठिकाणी फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवतात. ती सहसा तोलून राहत नाही, कारण पट्टी आणि तिच्यावरची वजने टेकूच्या वर आहेत. थोडी कलली की कलतच जाते, शिवाय गोल पेन्सिल घरंगळते आणि टेकूच सरकतो. पट्टीला मधोमध, वरच्या कडेजवळ भोक पाडून ती दोऱ्याने टांगली की हीच पट्टी आपोआप आडवी येऊन थांबते. दुसरी गफलत वजनांची. मुले नाणी वापरतात. पण एक रुपयाची जुनी मोठी स्टीलची नाणी 4.85 ग्रॅमची, 2011 च्या मालिकेतली 3.79 ग्रॅमची आणि 2019 च्या मालिकेतली 3.09 ग्रॅमची आहेत. तिन्ही मिसळली की तरफेचा नियम खोटा ठरतो आणि मूल स्वतःला चुकीचे समजते. एकाच मालिकेची नाणी निवडली की प्रश्न मिटतो.

कप्पीच्या टेबलावर रिळ पेन्सिलीत घालतात. दोरा संपलेल्या रिळाचा मधला भाग जेमतेम पेन्सिलीहून जाड असतो, म्हणून घर्षण खूप खाते. आस जितकी बारीक आणि चाक जितके मोठे, तितकी अडवणूक कमी. दोन मोठी झाकणे पाठीला पाठ लावून चिकटवली, त्यांच्या मधल्या खाचेत दोरा बसवला आणि आस म्हणून सायकलची तार घातली की फरक लगेच हाताला जाणवतो.

सर्वांत जास्त घोळ उतरणीच्या टेबलावर होतो. समजा 60 सेंटिमीटर लांबीची फळी एका टोकाला 20 सेंटिमीटर उचलली आहे. वाळू भरलेले खडूचे खोके 300 ग्रॅमचे. नियमाप्रमाणे ते वर चढवायला 100 ग्रॅम वजनाइतके बल पुरावे. खोक्याला दोरा बांधून तो वरच्या कप्पीवरून पलीकडे सोडायचा, टोकाला प्लास्टिकचा पेला टांगायचा आणि औषधाच्या मापाने त्यात पाणी ओतत जायचे. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. पेल्याचे स्वतःचे वजनही धरायचे. खोक्याला हलका धक्का दिल्यावर ते सारख्या वेगाने वर सरकू लागेल तो आकडा लिहायचा. पुठ्ठा आणि लाकूड यांच्यातले घर्षण एकमेकांवरच्या दाबाच्या तीन दशांश धरले तर तो 185 ग्रॅमच्या आसपास येतो. इथेच मुले पुस्तकात बघतात आणि वहीत 100 लिहितात.

त्याऐवजी पाणी काढत जायचे. एका क्षणी हलका धक्का दिला की खोके सावकाश खाली सरकू लागते. आपल्या उदाहरणात हे साधारण 15 ग्रॅमला घडेल. चढताना घर्षण आपल्या विरुद्ध असते, उतरताना आपल्या बाजूने. 185 आणि 15 यांची सरासरी 100. स्टेव्हिनचा आकडा खडूच्या खोक्यातून निघाला, आणि दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा अर्धा भाग, 85 ग्रॅम, म्हणजे घर्षण. पॅपसने एकत्र केलेल्या दोन गोष्टी सहावीतल्या मुलाने वेगळ्या केल्या. कप्पी जड फिरत असेल तर सरासरी थोडी वर सरकते, तेवढी चूक सोसावी. खोक्याखाली गोल पेन्सिली घातल्या की वर चढवायचा आकडा 100 च्या बराच जवळ येतो, तेही करून पाहण्यासारखे आहे.

या युक्तीला एक मर्यादा आहे. उतार फार कमी ठेवला, समजा त्याच फळीखाली 15 सेंटिमीटर उंचीचीच पुस्तके लावली, तर पेला पूर्ण काढून टाकला तरी खोके जागचे हलत नाही. खाली सरकण्याचा आकडाच मिळत नाही, मग सरासरी काढायची कशाची? तेव्हा आणखी दोन-तीन वह्या खाली सरकवून उतार वाढवायचा आणि आधी पाहायचे: नुसते खोके ठेवून हलके ढकलले तर ते आपल्या आपण खाली येते का. येत असेल तरच पाणी ओतायला घ्यायचे.